हप्ता थांबेल म्हणणारा मेसेज

पीएम किसान योजनेत दर चार महिन्यांनी 2000 रुपयांचा हप्ता खात्यात जमा होतो आणि त्यासाठी ई-केवायसी खरोखरच सक्तीचे आहे. फसवा मेसेज याच सत्याच्या आधाराने उभा राहतो: ‘आजच आधार अपडेट करा, नाहीतर हप्ता बंद’, आणि खाली एक लिंक. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळखीच्या नंबरावरून आला की तो खराच वाटतो. बहुधा त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच हॅक झालेला असतो.

लिंक दाबल्यावर बहुतेकदा .apk ने संपणारी फाइल उतरते. ॲप सुरू होताच एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि खरा धोका इथेच आहे. ती मिळाली की बँकेचा ओटीपी थेट चोराकडे जातो. तो कुणाला सांगावाही लागत नाही.

खरी ई-केवायसी pmkisan.gov.in वर, योजनेच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा सेवा केंद्रात अंगठा देऊन होते. पत्ता .gov.in ने संपतो का, ते पाहावे, pmkisan.gov.in.xyz सारखा पत्ता बनावट.

फाइल उघडली गेलीच, तर इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास लगेच 1930 वर तक्रार करावी, म्हणजे पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता राहते.