मोदक, पन्नास अक्षरं आणि एक खूण

आमच्या एका वहिनींचं यूट्यूबवर स्वयंपाकाचं छोटं चॅनेल आहे. गेल्या गणपतीच्या आधी त्यांनी उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ केला. व्हिडिओ छान होता, त्यात एक अशी युक्ती होती जी मी तरी आधी कुठे पाहिली नव्हती. पण टायटल असं होतं: ‘उकडीचे मोदक | गणपती स्पेशल | मोदक रेसिपी मराठी | Modak Recipe | सोपी पद्धत’. हे टायटल दुसऱ्या कुणाच्याही मोदकांवर चिकटवलं असतं तरी चाललं असतं. ही वहिनींची पाटी नव्हती, मोदकांच्या दुकानांची आळी होती.

मी ते बदला म्हटल्यावर त्या दुसऱ्या टोकाला गेल्या: ‘ही एक चूक केलीत तर सगळी मेहनत पाण्यात!’ यात उत्सुकता भरपूर, पण मोदक कुठे आहे? चूक नळ दुरुस्तीतली आहे की आयकर भरण्यातली, हेही कळत नाही. शोधणारी बाई तर ‘मोदक’ हाच शब्द टाइप करून येते. ‘मेहनत पाण्यात’ असं कुणी शोधत नाही.

तेव्हा आम्ही आधी टायटल बाजूला ठेवलं आणि व्हिडिओत नेमकं काय आहे ते पाहिलं. वहिनी उकड मळून झाल्यावर लगेच पारी करत नाहीत. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबतात. कडेला चिरा पडल्या तर उकड कोरडी राहिली आहे. मग कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. कडा गुळगुळीत राहिली तरच पुढे जायचं. नाहीतर मोदक वाफवताना फुटतात आणि सारण बाहेर येतं. म्हणजे व्हिडिओचा जीव एका खुणेत होता, आणि टायटलमध्ये तिचा मागमूसही नव्हता.

मग यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘मोदक’ एवढंच लिहून खाली काय सुचवलं जातं ते पाहिलं. स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून पाहायचं, नाहीतर आपलेच जुने शोध डोकावतात. लोक फारशा वाक्यांत शोधत नाहीत. त्यांचे शब्द साधे आणि ओबडधोबड असतात. आणि मराठी माणूस पुष्कळदा रोमन लिपीत लिहितो: ‘ukdiche modak’, ‘modak kase banvayche’. म्हणून शोधाचे शब्द निवडताना ‘पारंपरिक पाककृती’ असं पुस्तकी काही घेण्यात अर्थ नाही. ‘उकडीचे मोदक’ हाच शब्द, तोही पहिल्यांदा.

शेवटी ठरलं ते असं: ‘उकडीचे मोदक वाफवताना का फुटतात? उकड ओळखायची एक खूण’.

यात शोधाचा शब्द सुरुवातीला आहे. मधला प्रश्न ज्यांचे मोदक फुटले आहेत त्यांना थेट लागतो. शेवटी उत्तर आहे एवढं सांगितलंय, पण उत्तर दिलेलं नाही. इथे एक पथ्य आहे. काय मिळणार ते सांगायचं आणि ते कसं, एवढंच झाकून ठेवायचं. दोन्ही झाकलं की वैताग येतो. दोन्ही उघड केलं, समजा ‘गोळा दाबून पाहा, चिरा पडल्या तर पाणी लावा’ असंच लिहिलं, तर व्हिडिओ उघडायचं कारणच उरत नाही.

आता लांबी. यूट्यूबच्या टायटलला 100 कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि मराठीत ही मोजणी जरा फसवी असते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर दिसतं, पण मोजणीत त्याचे सहा होतात. आमचं टायटल डोळ्याला रिकाम्या जागांसकट 38 घरांचं. मोजणीत बरोबर 50. म्हणजे आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून शब्द छाटू नयेत. पडद्यावर टायटल कापलं जातं ते जागा संपली म्हणून, आणि फोनवर ते साधारण दोन ओळींतच बसवावं लागतं. फोनचा फॉन्ट मोठा केलेला असेल (घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर तो हमखास असतो) तर आणखी लवकर तुटतं.

त्यात मराठी वाक्याची आपली एक खोड आहे: क्रियापद शेवटी येतं. ‘आमच्या घरी तीन पिढ्यांपासून चालत आलेल्या पद्धतीने केलेले उकडीचे मोदक का फुटत नाहीत’ हे वाक्य मध्येच तुटलं तर वाचणाऱ्याच्या हाती फक्त घराण्याचा इतिहास लागतो. म्हणून प्रश्न छोटा ठेवायचा आणि तो पहिल्या तीस-पस्तीस कॅरेक्टरांत संपवायचा. आमच्या टायटलमधलं प्रश्नचिन्ह 31व्या जागी येतं. पुढचं तुटलं तरी काम भागतं.

रोमन लिपीतले शब्द शेवटी जोडले: ‘| Ukdiche Modak’. एकूण 66 झाले. हा तुकडा फोनवर बहुतेक दिसणार नाही. तो वाचणाऱ्यासाठी नाहीच, शोधासाठी आहे. बाकीचे पर्यायी शब्द डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत, पण साध्या वाक्यात घातले. तिथे 5000 कॅरेक्टर मावतात, पण उघडल्याशिवाय दिसतात त्या वरच्या एक-दोन ओळीच. टॅगच्या रकान्यात वहिनींनी तासभर घालवला होता. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार शोधात टॅगचा वाटा फार थोडा, मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरता. थंबनेलवर टायटल पुन्हा लिहिलं नाही. फुटलेला मोदक आणि न फुटलेला, दोन फोटो शेजारी, बस. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओच्या वेळेचा आकडा बसतो, तिथे काही महत्त्वाचं ठेवायचं नाही. पहिल्या प्रयत्नात आमचा न फुटलेला मोदक नेमका त्याच्याखाली गेला होता.

टायटल जमलं की नाही, हे कळायला यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. थंबनेल समोर आलेल्यांपैकी किती टक्क्यांनी व्हिडिओ उघडला, तो एक. यूट्यूब सांगतं की निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा आकडा 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो. आणि पहिल्या तीस सेकंदांनंतर किती जण टिकले, तो दुसरा. उघडणारे भरपूर पण तीस सेकंदांत पांगले, तर टायटलने दिलेला शब्द व्हिडिओने पाळलेला नाही. टिकणारे चांगले पण उघडणारेच कमी, तर दोष टायटल किंवा थंबनेलचा. मात्र व्हिडिओ जास्त लोकांपुढे जाऊ लागला की पहिला आकडा आपोआप उतरतो, कारण आता मोदकांत रस नसलेल्यांनाही तो दिसतो. तेवढ्यावरून टायटल बदलू नये. बदलायचंच तर टायटल किंवा थंबनेल, एका वेळी एकच, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि चतुर्थीच्या आधीचे आकडे विसर्जनानंतरच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. तेव्हा मोदक शोधतंय कोण?

वहिनींनी व्हिडिओच्या सुरुवातीचा ‘नमस्कार मैत्रिणींनो’ अर्ध्या मिनिटाचा होता तो कापून, फुटलेला मोदक पहिल्याच सेकंदाला आणला. मग गणपतीत एकदा स्टुडिओ उघडून, लोक कोणते शब्द शोधून व्हिडिओपर्यंत आले ती यादी त्यांनी मला दाखवली. ‘ukdiche modak’ होतंच. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘modak futle tar kay karave’. मोदक फुटल्यावर काय करायचं, हे व्हिडिओत नव्हतं. वहिनींनी वहीत ती ओळ जशीच्या तशी उतरवली आणि फुटलेल्या मोदकांचं काय होऊ शकतं ते पाहायला चाळणी पुन्हा गॅसवर चढवली.