टॅलीच्या एका शब्दामागे लपलेलं काम

बी.कॉम. झालेल्या एका मुलीचा रेझ्युमे माझ्याकडे आला होता. तिला अकाउंट्स असिस्टंटची नोकरी हवी होती. दोन पानांच्या त्या रेझ्युमेत सगळ्यात वर करिअर ऑब्जेक्टिव्ह होतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधणे. हेच वाक्य तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या रेझ्युमेत सापडलं असतं. खाली दहावी-बारावीच्या टक्क्यांचा तक्ता होता. 'स्किल्स' या मथळ्याखाली टॅली, जीएसटी, एमएस ऑफिस आणि मेहनती स्वभाव. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: सीए ऑफिसमध्ये तीन महिने इंटर्नशिप.

मी तिला विचारलं, ''त्या तीन महिन्यांत तू रोज काय करायचीस?''

''काही विशेष नाही सर, बिलंच टाकायचे.''

खोदून विचारल्यावर कळलं, की एका हार्डवेअर दुकानाची महिन्याची दीडेकशे खरेदीची बिलं ती टॅलीत नोंदवायची. मग जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-२बी उतरवून घ्यायची आणि ते खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहायची. पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रांत दाखवलेली विक्री या जीएसटीआर-२बीमध्ये येते. एखाद्याने बिल दाखवलंच नसेल, तर दुकानदाराला त्या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. न जुळणाऱ्या बिलांची यादी काढणं आणि पुरवठादारांना फोन करून पाठपुरावा करणं, हेही तीच करत होती.

नव्या मुलांची सगळ्यात मोठी चूक ही. केलेलं काम कौशल्याच्या नावामागे झाकून जातं. 'जीएसटीचं ज्ञान' एवढंच वाचून समोरच्याला काही कळत नाही. असं ज्ञान एका दिवसाच्या वर्कशॉपनंतरही लिहिता येतं. म्हणून ऑब्जेक्टिव्ह काढलं, इंटर्नशिप पहिल्या पानावर वर आणली आणि तिच्याखाली तीन ओळी लिहिल्या: महिन्याला सुमारे १५० खरेदी बिलांची टॅलीत नोंद, जीएसटीआर-२बी आणि खरेदी नोंदींची दरमहा जुळवणी, न जुळणाऱ्या बिलांची यादी करून पुरवठादारांकडे पाठपुरावा. प्रत्येक ओळीत काम आहे, ते कशावर केलं ते आहे, आणि जिथे खरा आकडा ठाऊक होता तिथे आकडा आहे. जिथे ठाऊक नव्हता तिथे टाकला नाही. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

तिसरी चूक बायोडेटाच्या सवयीतून येते. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, पूर्ण पत्ता आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असं सहीचं प्रतिज्ञापत्र. सरकारी अर्जात विचारलं असेल ते भरावंच लागतं. खासगी नोकरीच्या रेझ्युमेला नाव, मोबाइल, ई-मेल आणि गाव पुरतं. तिच्या रेझ्युमेत या माहितीने जवळपास अर्धं पान खाल्लं होतं. ते काढलं आणि सगळं एका पानात बसलं.

मग सजावट. दोन रकाने, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे, फोन नंबरऐवजी चित्रात बसवलेला मजकूर. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची पोर्टल्स आलेले रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमधून वाचून घेतात. चित्रातला मजकूर त्याला बहुतेकदा दिसत नाही आणि दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. शिवाय चार तारे म्हणजे नेमकं किती येतं, हे माणसालाही कळत नाही. घरच्या घरी तपासायचं तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. तिचा मोबाइल नंबर तिथे उमटलाच नाही. ही तपासणी काही प्रत्येक सॉफ्टवेअरची खात्री देत नाही, पण असले ढोबळ घोटाळे लगेच पकडते. एक रकाना आणि साधे मथळे ठेवल्यावर नंबर दिसला.

पाचवी चूक अशी, की एकच फाइल सगळीकडे पाठवायची. अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिरातीत बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी नोंदी जुळवण्याचं काम मागितलं होतं. तिने ते त्याच ऑफिसात केलं होतं, पण लिहिलं नव्हतं. ते चौथी ओळ म्हणून आलं. दुसरी जाहिरात बिलिंगची होती, तिथे टॅलीतल्या नोंदींची ओळ वर राहिली आणि बँकेची खाली गेली. दर अर्जाला एवढा बदल करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जाहिरातीतला न येणारा शब्द मात्र उचलायचा नाही. तिने ॲडव्हान्स्ड एक्सेल लिहिलं होतं. पिव्होट टेबल करून दाखव म्हटलं, तर जमेना. व्ही-लुकअप मात्र बिलं जुळवताना ती रोज वापरत होती. मग 'ॲडव्हान्स्ड' खोडून तिथे व्ही-लुकअप लिहिलं.