राउटरमधलं उघडं दार

बाहेरगावी गेलं की जीव घराकडे लागतो. मग 'परगावाहून मोबाईलवर कॅमेरा दिसला पाहिजे' असा हट्ट आपणच धरतो. माझ्या नणंदेनंही धरला. बसवणारा मुलगा हसतमुखानं म्हणाला, "काकू, राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, पाच मिनिटांचं काम!" खरंच पाच मिनिटांत झालं. त्या पाच मिनिटांत काय झालं, ते आपण समजून घेऊया.

राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. घरातून कोणी बाहेर काही मागवलं तर त्याचं उत्तर तो आत येऊ देतो, पण न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर, आत बसलेला असतो. त्या मुलानं नणंदेच्या डीव्हीआरला घरातला 192.168.1.108 हा पत्ता कायमचा ठरवून दिला, कारण पत्ता बदलला की सगळं बिघडतं. मग राउटरच्या पानावर 'Virtual Server' मध्ये (काही राउटरवर तेच 'Port Forwarding' असतं) एक ओळ भरली:

```
External Port: 37777
Internal IP: 192.168.1.108
Internal Port: 37777
Protocol: TCP
```

थोडक्यात, वॉचमनला सांगितलं, "जो 37777 नंबर मागेल, त्याला सरळ आत पाठव." चाचणी करताना मोबाईलचं वायफाय बंद करून सिमच्या इंटरनेटवर बघावं लागतं, नाहीतर घरातल्या घरात दिसतं आणि आपण फसतो. आणि राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 10 ने सुरू होत असला, किंवा 100.64 ते 100.127 यांच्या दरम्यानचा असला, तर कितीही ओळी भरा, बाहेरून काही दिसायचं नाही. तिथं इंटरनेट कंपनीनं एकाच बाहेरच्या पत्त्यावर अनेक घरं बसवलेली असतात.

नणंदेचं मात्र दिसलं. मुलगा आनंदानं गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? बिघडलं हे की वॉचमन नाव विचारत नाही. नंबर मागणारा कुणीही असो, तो थेट डीव्हीआरच्या दारापर्यंत पोचतो. पुढं फक्त त्याचं कुलूप, म्हणजे पासवर्ड. आणि बाई, इंटरनेटवर दिवसरात्र दारं ठोठावत फिरणाऱ्या यंत्रांना झोप नसते! नंबर बदलून 45000 केला तरी ती सगळेच नंबर ठोकून पाहतात. 2016 साली 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांची यादी घेऊन हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. 2017 मध्ये तर एका मोठ्या कंपनीच्या कॅमेऱ्यांत असा दोष उघड झाला, की पासवर्ड न देताही आत जाता येत होतं. म्हणजे कुलूप भक्कम असूनही काम भागेलच असं नाही.

नणंदेचा पासवर्ड होता admin123. त्या मुलानं गावभर प्रत्येक घरी हाच ठेवलेला, लक्षात राहावा म्हणून!

कुणी आत येऊन गेलं का, हे कळू शकतं. डीव्हीआरच्या मेनूत 'Log' असतो. नणंदेच्या लॉगमध्ये रात्री अडीच-तीनच्या सुमारास, अनोळखी पत्त्यांवरून, ओळीनं 'Login' च्या नोंदी होत्या. घरात त्या वेळी सगळे गाढ झोपेत. आणि एक कॅमेरा होता नेमका झोपण्याच्या खोलीच्या दाराशी! तिचा चेहरा उतरला, माझाही.

आम्ही राउटरमधली ती ओळ आधी काढली. मग तिथलं 'UPnP' बंद केलं, कारण ते चालू असेल तर डीव्हीआर स्वतःच वॉचमनला सांगून दार उघडून घेऊ शकतो. नंतर पासवर्ड बदलला, वापरणाऱ्यांच्या यादीतलं एक अनोळखी नाव काढलं आणि कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घातलं. दोन दिवसांनी लॉग पाहिला, तर रात्रीच्या नोंदी थांबलेल्या.

मग परगावाहून बघायचं कसं? नणंदेनं डीव्हीआरवरचा क्यूआर कोड मोबाईलच्या ॲपमध्ये टिपून 'पी-टू-पी' पद्धत सुरू केली. यात डीव्हीआर स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, त्यामुळे वॉचमनला दार उघडावं लागत नाही. मात्र त्या कंपनीवर विश्वास टाकावा लागतो, हे उघड आहे. ज्यांना तोही नको, त्यांनी राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असेल तर ती जाणकाराकडून लावून घ्यावी. मोबाईल आधी ओळख पटवून घरच्या जाळ्यात शिरतो, मगच कॅमेरा दिसतो. थोडी खटपट आहे, पण नंबर मागणाऱ्या प्रत्येकासाठी डीव्हीआर उघडा राहत नाही.

झोपण्याच्या खोलीजवळचा तो कॅमेरा नणंदेनं त्याच दुपारी काढून जिन्यात लावला.