पैसे आले, हे कोणी सांगायचं?

लेखांक 7

मागच्या लेखांकात मालाची यादी आणि भाव व्हॉट्सॲपवर कसे मांडायचे ते पाहिलं. आता पैशाकडे वळू. सडक अर्जुनीचा एखादा तांदूळ व्यापारी एचएमटीचा 25 किलोचा कट्टा 1,500 रुपयांना नागपूरच्या गिऱ्हाइकाला विकतो, असं धरू. कट्टा महामार्गावरच्या गाडीत चढवायच्या आधी पैसे आल्याची खात्री हवी. बहुतेक जण क्यूआर पाठवतात आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर विसंबतात. माझं म्हणणं असं, की स्क्रीनशॉट खरा असला तरी तो पुरावा नव्हे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होऊनही ती व्यापाऱ्यापर्यंत न पोचणं यूपीआयमध्ये घडतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात अशी रक्कम व्यवहारानंतर 5 दिवसांत परत करायची मुदत दिली आहे, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, आणि तरीही तुमच्या हाती पैसे नाहीत.

म्हणून ऑर्डरगणिक वेगळी पेमेंट लिंक करायची. रेझरपे या पेमेंट गेटवेचं उदाहरण घेतो. आपल्या सर्व्हरवरून त्यांच्या `/v1/payment_links` या पत्त्यावर एवढी माहिती पाठवली की लिंक तयार होते:

```json
{
  "amount": 150000,
  "currency": "INR",
  "reference_id": "SA-1042",
  "expire_by": 1765809000,
  "reminder_enable": false
}
```

रक्कम पैशांत लिहायची असते. 1500 लिहिलं तर कट्टा 15 रुपयांना गेला. `reference_id` हा आपला ऑर्डर क्रमांक, आणि तो पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे एकाच ऑर्डरच्या दोन लिंका चुकून निघत नाहीत. `expire_by` म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद. इथला आकडा 15 डिसेंबर 2025, रात्री 8 चा आहे. हा हिशेब जागतिक वेळेनुसार चालतो. आपले साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर 8 ला संपायची लिंक मध्यरात्रीनंतर दीडपर्यंत जिवंत राहते, आणि तेवढ्यात तो कट्टा दुसऱ्या कुणाला विकलेला असतो.

मुदतीचा खरा संबंध घाई लावण्याशी नाही, राखून ठेवलेल्या मालाशी आहे. लिंक जिवंत आहे तोवर कट्टा बाजूला ठेवलाच पाहिजे, आणि मेल्यावरही थोडा वेळ. गिऱ्हाइकाने 7:58 ला पिन टाकला आणि बँकेचं उत्तर 8:04 ला आलं, असं होतंच. त्यासाठी लिंक 8 ला संपवावी, पण माल साडेआठपर्यंत सोडू नये. त्यानंतरही उशिरा पैसे आले, तर माल असेल तर ऑर्डर धरावी, नसेल तर परतावा द्यावा. हे आधीच ठरवून सांगितलेलं बरं. लिंक संपण्याआधी दोनेक तास एकदा आठवण पुरे, आणि ती आपणच पाठवायची, पाठवण्याच्या क्षणी लिंकची स्थिती तपासून. पैसे भरलेल्या माणसाला तगादा गेला, तर पुढची ऑर्डर विसराच.

आता मुख्य मुद्दा. पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाला आपल्या पानावर परत आणता येतं, आणि तिथेच ऑर्डर पक्की करण्याचा मोह होतो. पण त्याने ते पान उघडण्याआधीच फोन खिशात टाकला, तर पैसे येऊनही ऑर्डर अधांतरी. खरी खबर येते ती गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला, `payment_link.paid` या नावाने. याला वेबहुक म्हणतात. त्यासोबत `X-Razorpay-Signature` ही सही असते. आलेला मजकूर जसाच्या तसा घेऊन, फक्त दोघांना ठाऊक असलेल्या गुप्त शब्दाने एचएमएसी-एसएचए256 काढायचा आणि सहीशी ताडायचा. जुळलं नाही तर खबर टाकून द्यायची. तीच खबर दोनदाही येऊ शकते. म्हणून `x-razorpay-event-id` नोंदवून ठेवायचा, नाहीतर एका कट्ट्याच्या पैशात दोन कट्टे रवाना.

यावर कुणी म्हणेल, दुकानातली वीज गेली तर? हा सर्व्हर दुकानात ठेवायचाच नसतो, भाड्याच्या होस्टिंगवर ठेवायचा. तोही बंद पडला तर गेटवे 24 तास पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि रोज संध्याकाळी उघड्या लिंकांची स्थिती स्वतः विचारून घेतली की सुटलेलं सापडतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : क्यूआर फुकट, गेटवे मात्र व्यवहारामागे साधारण 2 टक्के आणि वर जीएसटी घेतो. 1,500 वर ते 35 रुपयांच्या आसपास जातात. दिवसाला तीन-चार ओळखीची गिऱ्हाइकं असतील, तर हा खर्च करू नये. बँकेच्या ॲपमध्ये जमा पाहून हाताने नोंद करावी, स्क्रीनशॉट पाहून नव्हे. अनोळखी गिऱ्हाइकं आणि मोजका माल एकत्र आला, तिथेच हे पैसे वसूल होतात.

सुरुवात चाचणी खात्यावर करा. एक लिंक भरा, एक मुदतीबाहेर जाऊ द्या, आणि एकच वेबहुक मुद्दाम दोनदा पाठवून कट्ट्यांचा आकडा एकानेच कमी झाला का, ते पाहा.