२८८, २७५, पुन्हा २८८ : बहानगाच्या आकड्यांचा मागोवा

२ जून २०२३ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. शालिमारहून चेन्नईला निघालेली ही गाडी मुख्य मार्गावरून थेट पुढे जायची होती. ती लूप लाइनवर वळली आणि तिथे उभ्या असलेल्या, लोहखनिजाने भरलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळावर फेकले गेले. त्याच वेळी त्या रुळावरून बंगळुरूहून हावड्याला जाणारी गाडी पार होत होती. तिच्या शेवटच्या डब्यांनाही धडक बसली.

आज हे सगळे चार-पाच वाक्यांत सांगता येते. त्या रात्री ते कुणालाच सांगता येत नव्हते. पहिल्या बातम्यांत कोरोमंडल आणि मालगाडी यांचीच टक्कर होती. थोड्या वेळाने रेल्वेच्याच हवाल्याने उलटा क्रम आला: आधी हावड्याची गाडी घसरली, तिचे डबे कोरोमंडलच्या वाटेत आले आणि मग कोरोमंडल मालगाडीवर गेली. रविवारी रेल्वे बोर्डाच्या सदस्य जया वर्मा सिन्हा यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की मूळ अपघात एकट्या कोरोमंडलचाच होता. मालगाडी जड असल्यामुळे जागची हलली नाही, म्हणून धडकेचा सगळा जोर कोरोमंडलवर आला. इथे दुरुस्ती सरळ होती. नवे कथन आले आणि जुने पूर्णपणे बाद झाले. शनिवारच्या अंकाचे कात्रण समोर ठेवून गोषवारा लिहिणाऱ्याला एवढेच करायचे होते की दोन क्रमांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. तरीही अनेक ठिकाणी ती झाली. पहिल्या परिच्छेदात नवा क्रम आणि पाचव्या परिच्छेदात जुना, असे मजकूर छापले गेले, कारण वरचा भाग नव्याने लिहिला आणि खालचा तसाच राहिला. सतत बदलणाऱ्या बातमीत ही चूक सर्वाधिक होते आणि ती ओळखणेही सोपे असते. मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला की खालचे विधान वरच्याशी भांडताना दिसते.

मृतांच्या आकड्याचे तसे नव्हते. तो सरळ वाढत गेला नाही, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून बघायला हवे.

शुक्रवारी रात्री आकडा दोन अंकी होता, मध्यरात्री शंभराच्या पुढे गेला, शनिवारी पहाटे दोनशेच्या वर. सकाळी २३३, मग २३८, दुपारी २६१ आणि त्यानंतर २८८. हे आकडे एकाच तोंडून येत नव्हते. एकीकडे ओडिशा सरकार मोजत होते, दुसरीकडे रेल्वे. दोघांचे मोजण्याचे ठिकाण आणि वेळ वेगळी होती. त्यामुळे अर्ध्या तासाच्या अंतराने आलेले दोन आकडे म्हणजे अर्ध्या तासात मृत्यू वाढले असा अर्थ होत नव्हता. कित्येकदा तो दोन मोजणाऱ्यांमधला फरक होता. त्या दिवशी बहानग्याला रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव आणि पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यात कॅमेऱ्यांसमोरच आकड्यावरून मतभेद झाले. मंत्री राज्य सरकारच्या मोजणीकडे बोट दाखवत होते, मुख्यमंत्री म्हणत होत्या की अजून काही डब्यांतले काम संपलेले नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत होती. एक झालेल्या मोजणीबद्दल होते, दुसरे न झालेल्या. गोषवाऱ्यात मात्र ते ‘आकड्यावरून वाद’ एवढेच उरले.

मग रविवार आला. ओडिशाचे मुख्य सचिव प्रदीप जेना यांनी जाहीर केले की मृतांची संख्या २८८ नसून २७५ आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी पडताळणी केली तेव्हा काही मृतदेह दोनदा मोजले गेल्याचे आढळले, असे त्यांनी कारण दिले. त्या वेळेपर्यंत २७५ पैकी ८८ मृतदेहांची ओळख पटली होती.

दोनदा मोजणी होते कशी, हे समजले की ही दुरुस्ती पटते. जखमी आणि मृत एकाच ठिकाणी नेले गेले नव्हते. बालासोर, सोरो, भद्रक, खंतापाडा, गोपालपूर अशा ठिकाणच्या रुग्णालयांत ते पोचले. बहानग्याच्या शाळेत मृतदेह ठेवले गेले, तिथून बालासोरजवळच्या एका औद्योगिक संकुलात आणि पुढे भुवनेश्वरला. प्रत्येक मुक्कामी यादी नव्याने होत होती. मृताचे नाव माहीत असेल तर दोन याद्यांत तेच नाव दिसते आणि चूक सापडते. इथे बहुतेक मृतदेहांना नावच नव्हते. अनारक्षित डब्यांत मोठ्या संख्येने प्रवासी होते आणि त्यांची नावे कुठल्याही तक्त्यावर नव्हती. शाळेतला क्रमांक आणि शीतगृहातला क्रमांक ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता.

रविवारी संध्याकाळी गोषवारा लिहिणाऱ्यासमोर दोन सोप्या वाटा होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. पहिली म्हणजे नुसते ‘२७५ ठार’ लिहून पुढे जाणे. कालच्या अंकात २८८ वाचलेला वाचक मग गोंधळतो आणि त्याला वाटते की काहीतरी लपवले जात आहे. दुसरी म्हणजे ‘२७५ ते २८८’ असा पल्ला देणे. ते सावध दिसते, पण खोटे आहे, कारण २८८ मोजणाऱ्यानेच मागे घेतला होता आणि तो आता कुणाचाच दावा नव्हता. माझ्या मते त्या संध्याकाळचा प्रामाणिक मजकूर असा झाला असता: ‘ओडिशा सरकारने मृतांचा आकडा २८८ वरून २७५ वर आणला आहे. काही मृतदेहांची नोंद दोनदा झाली होती, असे मुख्य सचिवांनी सांगितले. यांपैकी ८८ जणांची ओळख पटली आहे.’ यातले तिसरे वाक्य जागेअभावी सर्वांत आधी कापले जाते. पण खरी माहिती तिथेच आहे. दोन-तृतीयांश मृतांची ओळख पटलेली नाही याचा अर्थ ज्या अडचणीमुळे आकडा कमी झाला ती अजून संपलेली नाही. आकडा पुन्हा हलू शकतो, आणि कुठल्याही दिशेने.

तो हलला. मंगळवारी, ६ जूनला, जेना यांनीच २८८ हा आकडा जाहीर केला. वेगवेगळ्या रुग्णालयांतले आणि शवागारांतले मृतदेह पुन्हा पडताळून जिल्हाधिकाऱ्यांनी तो कळवला होता. २०५ मृतदेहांची ओळख पटून ते नातेवाइकांकडे गेले होते, ८३ शिल्लक होते.

शनिवारचा २८८ आणि मंगळवारचा २८८ हे दिसायला सारखे आहेत, म्हणूनच अडचण होते. ‘पहिलाच आकडा बरोबर निघाला’ असा निष्कर्ष त्या आठवड्यात अनेकांनी काढला आणि तो मला मुळीच मान्य नाही. शनिवारचा आकडा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या संख्यांची बेरीज होता आणि त्यात पुनरुक्ती असल्याचे प्रशासनानेच सांगितले होते. मंगळवारचा आकडा पडताळणीतून आला होता आणि त्याची फोड करता येत होती: २०५ आणि ८३. पहिल्याची तशी फोड कधी मिळालीच नाही. गोषवारा करताना ‘२८८ वर कायम’ असे लिहिले तर मधला रविवार पुसला जातो. ‘पुन्हा पडताळणीनंतर २८८’ असे लिहिले तर वाचकाला कळते की संख्या तीच असली तरी तिच्यामागचे काम बदलले आहे.

जखमींच्या बाबतीत गोंधळ याहून वेगळा होता आणि तो आजही अनेक लेखांत तसाच आहे. ओडिशा सरकारने रविवारी जखमींची संख्या १,१७५ सांगितली, त्यांतल्या ७९३ जणांना उपचारांनंतर घरी सोडले होते. २१ जुलैला रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले त्यात १७६ गंभीर जखमी, ४५१ किरकोळ जखमी आणि प्रथमोपचार घेऊन गेलेले १८० अशी नोंद होती. यांची बेरीज ८०७. तारखेने नंतरचा म्हणून ८०७ घ्यावा आणि १,१७५ खोडावा काय? तसे करण्याला आधार नाही. राज्याने १,१७५ मागे घेतल्याचे कुठे म्हटले नव्हते. रेल्वेची नोंद तिच्या स्वतःच्या वर्गवारीनुसार होती आणि अपघातानंतरच्या पहिल्याच दिवशीही रेल्वेचा जखमींचा आकडा राज्याच्या आकड्यापेक्षा बराच कमी, आठशेच्या आसपास होता. म्हणजे ही दुरुस्ती नव्हे, या पहिल्यापासून समांतर चाललेल्या दोन मोजण्या आहेत. अशा वेळी दोन्ही आकडे मोजणाऱ्याच्या नावासह द्यावे लागतात. नंतरचा आकडा आधीच्याला बाद करतो तो फक्त तेव्हा, जेव्हा दोन्ही एकाच गोष्टीची मोजणी करत असतात.

बेपत्तांची संख्या ही त्याहून निसरडी. बेपत्ता म्हणून नोंदलेला माणूस एखाद्या रुग्णालयात बेशुद्ध असू शकतो, ओळख न पटलेल्या मृतदेहांत असू शकतो किंवा फोन हरवल्यामुळे घरी कळवू शकलेला नसतो. म्हणून मृत आणि बेपत्ता यांची बेरीज करून मृतांचा अंदाज सांगणे बहानग्याच्या बाबतीत चूक होते. त्याच वर्षी, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा परिस्थिती निराळी होती. चार दिवसांनी शोधकार्य थांबवले गेले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. तिथे ओळख न पटलेल्या मृतदेहांचा ढीग नव्हता आणि बेपत्ता माणसे ढिगाऱ्याखालीच आहेत याबद्दल शंका उरली नव्हती. म्हणून तिथे ८४ ही बेरीज अर्थपूर्ण ठरते, मात्र दोन भाग वेगळे दाखवूनच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहानग्याचा आकडा एकेकाने वाढू लागला. उपचार घेणारे काही जखमी दगावत होते. हे बदल म्हणजे आधीच्या मोजणीतली चूक नव्हती, घटना पुढे सरकत होती. तरी बातम्यांत दोन्हींसाठी ‘सुधारित आकडा’ असेच लिहिले जात होते. २१ जुलैच्या त्याच उत्तरात मृतांची संख्या २९५ होती आणि ४१ मृतदेहांची ओळख पटायची बाकी होती. एकाच मृतदेहावर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला होता, त्यामुळे डीएनए नमुने जुळेपर्यंत भुवनेश्वरच्या एम्समध्ये वाट पाहावी लागली. शेवटी ज्यांच्यासाठी कुणीच आले नाही असे २८ मृतदेह उरले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर महापालिकेने त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले.

पुढच्या बातम्यांत, विशेषतः केंद्रीय अन्वेषण विभागाच्या आरोपपत्राच्या वेळी, २९६ हा आकडा रूढ झाला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच आढळतो. आज या अपघाताबद्दल एकच वाक्य लिहायचे असेल तर मी २९६ लिहीन, पण संसदेतल्या उत्तराचा हवाला देताना २९५ च ठेवीन, त्याची तारीख देईन आणि २९६ शी जुळावा म्हणून त्यात एक मिळवणार नाही. जखमींसाठी राज्याचे १,१७५ आणि रेल्वेचे ८०७ शेजारी-शेजारी देईन. आणि जागा कितीही कमी असली तरी त्या अठ्ठावीस जणांचा उल्लेख गाळणार नाही, कारण मृतांच्या संख्येत ते मोजले गेले असले तरी नावांच्या यादीत ते नाहीत.