रेषा सात दिवस सपाट का राहते?

दहा दिवसांचा स्प्रिंट आहे आणि सातवा दिवस उजाडला तरी बर्नडाउन चार्टवरची रेषा चाळीसलाच चिकटून आहे. मॅनेजरला वाटतं, टीम काम करत नाही. मग शेवटच्या तीन दिवसांत रेषा धाडधाड खाली येते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. दोन्ही वेळी चार्ट चुकीचा वाचला जातो.

बर्नडाउन चार्ट केलेलं काम मोजत नाही, उरलेलं काम मोजतो. स्टोरी पॉइंटवर चालणाऱ्या चार्टमध्ये एखादी स्टोरी नव्वद टक्के झाली, तरी ती ‘डन’मध्ये जाईपर्यंत तिचा एकही पॉइंट कमी होत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस रेषा सपाट राहिली तर त्यात वावगं काही नाही. सात दिवस राहिली तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

समजा, प्रत्येकी पाच पॉइंटच्या आठ स्टोरी आहेत, सहा डेव्हलपर आहेत आणि टेस्टर एकच. पहिल्याच दिवशी प्रत्येक डेव्हलपर एकेक स्टोरी उघडतो. सहाही स्टोरी सातव्या दिवशी संध्याकाळी टेस्टिंगच्या रांगेत येतात. तोवर टेस्टरकडे तपासायला काहीच नव्हतं, आता सगळं एकदम आलं. एका स्टोरीला अर्धा दिवस धरला, तर आठव्या दिवशी रेषा तीसवर येते, नवव्या दिवशी वीसवर, दहाव्या दिवशी दहावर. उरलेल्या दोन स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये जातात. सगळे राबले, पण दहाव्या दिवशी सापडलेला बग दुरुस्त करून पुन्हा तपासायला वेळच उरत नाही. खरा धोका इथे आहे.

अर्थात, प्रत्येक कोसळणाऱ्या रेषेमागे हेच कारण असतं असं नाही. नेमकं काय घडलं ते कार्डांच्या इतिहासात दिसतं. सगळी कार्डं एकाच संध्याकाळी काही मिनिटांत ‘इन प्रोग्रेस’मधून थेट ‘डन’मध्ये गेली असतील, तर काम बहुधा आधीच झालेलं होतं, फक्त बोर्ड अपडेट करायचं राहिलं होतं. कार्डं टेस्टिंगमध्ये दोन-दोन दिवस पडून असतील, तर तिथे तुंबलं आहे. आणि स्टोरी पूर्ण न होताच स्प्रिंटमधून काढल्या असतील, तरीही रेषा खालीच येते. जिरासारख्या टूलमध्ये चार्टखालच्या यादीत ही काढाकाढी दिसते. ती न पाहता उतरत्या रेषेवर खूश होऊ नये.

वरच्या उदाहरणात उपाय वेळ वाढवण्याचा नाही. सहा स्टोरी एकदम उघडण्याऐवजी दोघादोघांनी मिळून तीन घ्याव्यात, जमेल तिथे पाच पॉइंटची स्टोरी दोन-तीन पॉइंटच्या तुकड्यांत फोडावी. टेस्टरच्या हाती पहिली स्टोरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडली पाहिजे. चौथ्या दिवशीही रेषा हलली नसेल, तर ‘किती टक्के झालं’ हे विचारू नका. ‘आज टेस्टिंगला काय जाणार’ हे विचारा.