मुरुमांच्या चेहऱ्याला कोणतं सनस्क्रीन?

मे महिन्यात डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणारी एक बावीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. त्वचा तेलकट, कपाळावर आणि हनुवटीवर मुरुम, गालांवर जुन्या मुरुमांचे तपकिरी डाग. डॉक्टरांनी रात्री लावायला अडापलीन दिलंय आणि सोबत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. या गोळ्यांमुळे त्वचा उन्हात लवकर भाजते, अडापलीनने ती हुळहुळी होते. म्हणजे हिला सनस्क्रीन हवंच. पण लावलं की तासाभरात चेहरा तेलाने चमकतो, म्हणून ती चार ठिपके लावून मोकळी होते. त्यात मैत्रीण सांगते, केमिकल नको, मिनरल घे.

मिनरल म्हणजे ज्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आहे ते. हे कण आरशासारखे ऊन परतवतात आणि केमिकल घटक ते शोषून घेतात, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात मिनरल कणही अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात, परतवतात ते अगदी थोडे. मुरुमांच्या दृष्टीने खरा प्रश्न त्याहून वेगळा आहे. रंध्रं बुजतात की नाही, हे बरंचसं ज्या क्रीममध्ये हे घटक मिसळलेत त्यावर ठरतं. केमिकल सनस्क्रीन पातळ जेल किंवा फ्लुइडच्या रूपात बनवता येतं. मिनरलची पूड सिलिकॉनमध्ये किंवा तेलात घोळवावी लागते आणि चांगल्या संरक्षणासाठी ती बरीच लागते. त्यामुळे ते दाट होतं आणि गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकं दिसतं.

हा पांढरेपणा नुसता दिसण्यापुरता असता तर सोडून दिला असता. पण त्यामुळे माणूस हात आखडता घेतो. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा आणि मान मिळून हे साधारण सव्वा ग्रॅम होतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. या हिशेबाने दिवसातून एकदाच लावलं, तरी ५० ग्रॅमची ट्यूब ४० दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब चार महिने पुरत असेल, तर लागतं त्याच्या एक तृतीयांशच चेहऱ्यावर जातंय आणि एसपीएफ ५० फक्त बाटलीवर उरलाय.

म्हणून आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तेलकट त्वचेला मी आधी केमिकल घटकांचं पातळ जेल किंवा फ्लुइड सुचवेन. एसपीएफ ३० ते ५०, आणि यूव्हीएसाठी पीए+++ किंवा त्याहून जास्त. दोन बोटं भरून लावता येईल ते सनस्क्रीन चांगलं. त्याखाली वेगळं मॉइश्चरायझर लागेलच असं नाही. बरेचदा त्या दोन थरांनीच चेहरा चिकट होतो.

केमिकलची एक अडचण मात्र खरी आहे. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरलं की डोळे झोंबतात, आणि अडापलीनने सोललेल्या त्वचेवर काही जणींना लावताक्षणी आग होते. अशा वेळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं, निदान त्वचा शांत होईपर्यंत. ते सहसा झोंबत नाही, आणि त्याच्या पुडीने सुरुवातीला थोडं तेलही टिपलं जातं. फक्त डोळ्यांभोवती झिंकची स्टिक आणि बाकी चेहऱ्याला जेल, असंही चालतं.

आता गालांवरचे डाग. आपल्या वर्णाच्या त्वचेत हे डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो प्रकाश साधं केमिकल किंवा बिनरंगी मिनरल सनस्क्रीन फारसं अडवत नाही. त्याला आयर्न ऑक्साइड लागतं, जे रंगीत म्हणजे टिंटेड सनस्क्रीनमध्ये असतं. टिंटेड मिनरल आपल्या रंगाशी जुळलं तर पांढुरकेपणाही झाकला जातो. डाग हीच मोठी तक्रार असेल, तर थोडा दाटपणा सोसून मी हेच निवडेन.

नवीन सनस्क्रीन आधी जबड्याच्या एका बाजूला दोन-तीन आठवडे लावून बघावं. 'नॉन-कोमेडोजेनिक' हा शब्द कंपनीचा दावा असतो, त्यावर विसंबू नये. आग किंवा लाली काही मिनिटांत-तासांत कळते. रंध्रं बुजून येणारे त्वचेच्याच रंगाचे बारीक फोड मात्र काही आठवड्यांनी दिसतात, म्हणून लोक त्याचं खापर भलत्याच गोष्टीवर फोडतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, पण आधी घाम रुमालाने टिपून घ्यायचा. ओल्या चेहऱ्यावर थर नीट बसत नाही. रात्री फेसवॉशने ते पुरतं काढायचं, स्क्रबने घासायचं नाही.

आणि कपाळावर, छातीवर एकसारखे बारीक फोड येऊन खाज सुटत असेल, तर सनस्क्रीन बदलत बसू नये. घामट हवेत असे फोड बुरशीनेही येतात. त्यावर मुरुमांचं औषध चालत नाही आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकने ते उलट वाढू शकतात. ते त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावेत.